वाळूजमध्ये ड्रॉइंगचं स्वतंत्र काम: नव्वद दिवस आणि पहिले तीन ग्राहक

प्रश्न: नमस्कार. मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. वाळूजला एका कंपनीत तीन वर्षं डिझाइन विभागात कंत्राटी होते. कंत्राट संपलं. आता परत नोकरी न शोधता कॅड ड्रॉइंगची कामं स्वतंत्रपणे घ्यायची ठरवलंय. बजाजनगरला राहते. तीन महिने घर चालेल एवढीच शिल्लक आहे. ऑनलाइन साइटवर प्रोफाइल टाकून महिना झाला, काहीच आलं नाही. नव्वद दिवसांत पहिले तीन पैसे देणारे ग्राहक मिळवायचे तर कुठून सुरू करू आणि कधी काय करू?

उत्तर:

ऑनलाइन प्रोफाइल आहे तसं राहू द्या, पण त्यासमोर बसून राहू नका. तुम्ही बजाजनगरला राहता हीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. ड्रॉइंग नाही म्हणून ज्यांचं मशीन आज थांबलंय अशी माणसं तुमच्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. मी सांगेन तो क्रम असा: आधी लेझर कटिंगचं शॉप, मग त्याच शॉपमध्ये पत्रा कापायला येणारा फॅब्रिकेटर, आणि तिसरा झिजलेले पार्ट बनवून घेणारा मेंटेनन्सवाला. तिघं वेगवेगळे दिसतात, पण पहिल्यामुळे दुसरा सापडतो आणि दुसऱ्यामुळे तिसरा. मोठ्या कंपनीच्या गेटवर या नव्वद दिवसांत जाऊ नका. तिथे व्हेंडर म्हणून नोंद होण्यातच तुमची शिल्लक संपेल.

लेझर शॉप पहिलं का, ते सांगतो. लेझर मशीनला डीएक्सएफ फाइल, म्हणजे कापायच्या रेषांची कॅड फाइल लागते आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांकडे ती नसते. कुणी वहीच्या पानावर पेनाने काढलेलं स्केच आणतो, कुणी जुना गंजलेला तुकडा, कुणी नुसता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘असंच पाहिजे, दहा नग.’ मग शॉपचा प्रोग्रामर ते स्वतः काढत बसतो. त्याचं खरं काम नेस्टिंगचं, म्हणजे पत्र्यावर तुकडे कमीत कमी वाया जातील असे बसवण्याचं. तो ड्रॉइंग काढत बसला की मशीन रिकामं राहतं किंवा बाहेर टेम्पो ताटकळतो. हे दुखणं मालकाला रोज दिसतं, त्यामुळे तुम्ही काय विकताय ते त्याला समजावून सांगावं लागत नाही.

पहिले बारा-पंधरा दिवस मात्र कुणाकडे जाऊ नका, घरची तयारी करा. सगळ्यात आधी दर. महिन्याला घरात चोवीस हजार लागतात असं धरू. सुरुवातीला निम्मा वेळ भेटीगाठी, मोजमाप आणि फेऱ्यांत जातो, त्यामुळे महिन्यात जेमतेम ऐंशी तास बिलाचे मिळतील. म्हणजे तासाला तीनशे रुपये. हा आकडा तुमच्यासाठी आहे, ग्राहकाला तासाचा दर सांगू नका. त्याला कामाचा दर सांगा. साधा ब्रॅकेट अर्ध्या तासाचा, म्हणून दीडशे; हॉपर तीन तासांचा, म्हणून नऊशे; फिक्श्चरचं पूर्ण असेंब्ली ड्रॉइंग तीस तासांचं, म्हणून नऊ हजार. सुट्ट्या कामाला किमान बिल तीनशेचं ठेवा, म्हणजे एका ब्रॅकेटसाठी गाडी काढून जायची वेळ येणार नाही.

नमुन्याला चार-पाच ड्रॉइंग लागतील. ती स्वतः मोजून, स्वतः काढलेली हवीत. घरातल्या गिरणीचा पत्र्याचा हॉपर, गेटची बिजागरी, मोटरचा बेस, मिळेल ते घ्या. जुन्या कंपनीचं एकही ड्रॉइंग दाखवू नका, नाव खोडूनसुद्धा नाही. वाळूज मोठं दिसतं, पण टूलरूमचे लोक, प्रोग्रामर, फिटर एकमेकांना ओळखतात. शिवाय समोरचा मालक हुशार असतो. दुसऱ्याचं ड्रॉइंग हिने मला दाखवलं, उद्या माझं तिसऱ्याला दाखवेल, हे त्याला लगेच कळतं. तुमचा मूळ माल विश्वास आहे, आणि तो पहिल्या भेटीतच तपासला जातो.

सॉफ्टवेअरचंही याच दिवसांत मार्गी लावा. चोरीची प्रत वापरून धंदा सुरू करू नका. ऑटोकॅडचं किंवा सॉलिडवर्क्सचं लायसन्स आज परवडत नसेल तर फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड ही दोन्ही फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला त्यांना आडकाठी नाही. लेझरच्या फ्लॅट फायली लिब्रेकॅडमध्ये नीट होतात. हात बसायला आठवडा जाईल, तो याच पंधरा दिवसांत घालवा. हत्यारांत एक चांगला डिजिटल व्हर्नियर, रेडियस गेज, थ्रेड पिच गेज, स्टीलची पट्टी आणि गुण्या एवढं पुरतं.

आता सोळाव्या दिवसापासून शॉपमध्ये जायचं. हातात व्हिजिटिंग कार्ड घेऊन ‘मी ड्रॉइंग करते, काम असेल तर सांगा’ म्हणालात तर उत्तर ठरलेलं आहे: ‘नंबर ठेवून जा.’ त्याऐवजी शॉपच्या उपयोगाची एक वस्तू घेऊन जा. मी ज्यांना ज्यांना या कामात उभं केलं त्या सगळ्यांना एकच वस्तू करायला लावली: त्या शॉपच्या स्वतःच्या प्रेस ब्रेकचा, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनचा, बेंडिंगचा तक्ता.

पत्रा वाकवला की कोपऱ्यात तो ताणला जातो, म्हणून बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून पत्रा कापला तर तयार पार्ट मोठा होतो. किती वजा करायचं ते पत्र्याच्या जाडीवर, खालच्या व्ही डायच्या रुंदीवर आणि पंचाच्या टोकावर ठरतं. पुस्तकातला आकडा एका शॉपला बसतो, शेजारच्याला बसत नाही. बऱ्याच ठिकाणी तो आकडा एका जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात असतो. तो रजेवर गेला की स्क्रॅप वाढतो.

तो काढायची रीत सोपी आहे. प्रोग्रामरला भेटून म्हणा की स्क्रॅपमधून बरोबर १०० मिमी लांबीच्या पट्ट्या हव्यात, १.६, २, ३ आणि ५ मिमीच्या, प्रत्येकी दोन. ऑपरेटरला त्या रोजच्याच डायवर ९० अंशांत वाकवायला सांगा. मग दोन्ही पायांची बाहेरची मापं घ्या. समजा ३ मिमीच्या पट्टीचे पाय ५२.६ आणि ५२.७ आले. बेरीज १०५.३, पट्टी होती १००, म्हणजे वजावट ५.३. आता कुणाला ५० गुणिले ४० चा कोन हवा असेल तर ९० मधून ५.३ काढून पत्रा ८४.७ मिमीचा कापायचा. कोन ९० चा आलाय की ८९ चा, हे आधी गुण्याने बघा, नाहीतर माप चुकीचं मिळेल. दोन पट्ट्यांमध्ये ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर तिसरी वाकवा. प्रत्येक जाडीसमोर कोणता डाय वापरला तेही लिहा, कारण डाय बदलला की आकडा बदलतो.

हे सगळं एका ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरांत छापा, लॅमिनेट करा आणि प्रेस ब्रेकच्या खांबाला लावून द्या. खाली तुमचं नाव आणि नंबर. याचे पैसे घेऊ नका. नव्वद दिवसांत फुकट द्यायची ही एकच गोष्ट, कारण ती तुमच्याही कामाची आहे. त्या शॉपसाठी पुढे काढलेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये हेच आकडे तुम्ही वापरणार. ड्रॉइंग मात्र फुकट द्यायचं नाही, ‘एक ट्रायल म्हणून’ सुद्धा नाही. फुकट ड्रॉइंग मागणारा पुढचंही फुकटच मागतो.

जाताना वेळ साधा. सकाळी मशीन सुरू होताना आणि संध्याकाळी टेम्पो भरताना कुणी बोलत नाही. दुपारच्या जेवणानंतरचा तास बरा. आधी फोन करून जा, आणि मालकाइतकाच प्रोग्रामरला वेळ द्या. काम कुणाला द्यायचं हे पुष्कळदा तोच सुचवतो. त्याला तुम्ही त्याची जागा घ्यायला आलात असं वाटता कामा नये. ‘तुम्ही नेस्टिंग करा, काढायचं मी देते’ हे त्याला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगा.

तुमची पहिली फाइल त्याच्या मशीनवर विनातक्रार चालली पाहिजे, पहिल्या ग्राहकाचा सगळा निकाल तिथेच लागतो. ऑटोकॅड वापरत असाल तर फाइल देण्याआधी `OVERKILL` चालवा, म्हणजे एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा जातील. त्या राहिल्या तर लेझर तीच जागा दोनदा कापतो. `PEDIT` मध्ये `Multiple` घेऊन, `Join` ला फटीएवढं `fuzz distance` देऊन प्रत्येक बाह्यरेषा बंद करा, कारण अर्ध्या मिलिमीटरची फट असली तरी मशीन तो आकार बंद धरत नाही. `UNITS` मध्ये मिलिमीटर आहे ना ते बघा. इंच राहिला तर पार्ट २५.४ पट मोठा किंवा लहान उघडतो. मापाच्या रेषा, मध्यरेषा, टायटल ब्लॉक डीएक्सएफमध्ये नको, ते वेगळ्या पीडीएफमध्ये द्या. आणि पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक कुणी मागितलं तर फाइल करण्याआधी प्रोग्रामरला विचारा. त्याचं मशीन ते स्वच्छ कापतं की नाही, हे तोच सांगू शकतो.

असं एकाच वेळी दोन-तीन शॉपमध्ये करा, दहा ठिकाणी नको. वाळूजशिवाय चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेतच. मसिआ ही लघुउद्योजकांची संघटना आहे, तिच्या सभासदांत असे शॉपवाले आणि फॅब्रिकेटर भेटतात. तिथल्या कार्यक्रमांना जा, पण पहिला ग्राहक मिळाल्यावर. ‘अमुक शॉपच्या फायली मी करते’ असं एक वाक्य सांगायला असलं की तीच ओळख वेगळी होते.

पैशाचं गणित शॉपशी असं ठेवा: शॉपने स्वतःच्या कामासाठी ड्रॉइंग घेतलं तर बिल शॉपला. शॉपने गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवलं तर बिल गिऱ्हाइकाला. कुणी कमिशन मागितलं तर नाही म्हणा, त्याऐवजी शॉपच्या कामाला पहिला नंबर द्या. कमिशन सुरू झालं की तुमचा दर दुसऱ्याच्या हातात जातो.

दुसरा ग्राहक याच दारातून येतो, साधारण चाळिसाव्या-पन्नासाव्या दिवशी. इथे एक काम नीट उलगडून दाखवतो, कारण फॅब्रिकेटर एकदा का अशा कामाने पटला की तो सहसा सोडून जात नाही. माझ्याकडे शिकून गेलेल्या पैठणच्या एका मुलाचं हे काम. डाळ मिलसाठी हॉपर. वर ९०० गुणिले ९०० चं तोंड, खाली २०० गुणिले २००, उभी उंची ७००, पत्रा २ मिमी, चार बाजू वेगळ्या कापून कोपऱ्यात वेल्डिंग. फॅब्रिकेटरने वहीवर काढून आणलेलं स्केच असं होतं की चारही बाजूंची उंची ७०० धरलेली.

पहिली दुरुस्ती तिथेच. बाजू तिरपी आहे, म्हणून पत्र्यावर तिची उंची ७०० नाही. एका बाजूला पत्रा आत येतो ९०० वजा २०० च्या निम्मा, म्हणजे ७०० चे निम्मे ३५०. ७०० चा वर्ग आणि ३५० चा वर्ग यांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की ७८२.६ येतं. पत्र्यावरचा तुकडा वर ९००, खाली २०० आणि उंचीला ७८२.६ असा हवा. ७०० ने कापला असता तर हॉपर जोडला गेला असता, पण उभी उंची भरली असती ६०६, आणि खालचा पाइप सुमारे साडेनऊ सेंटिमीटर कमी पडला असता. ड्रॉइंगवर त्याने कोपऱ्याच्या कडेची लांबी ८५७.३ हीसुद्धा दिली. ती टेपने मोजता येते, त्यामुळे फिटरला पत्रा बरोबर कापलाय की नाही हे वेल्डिंगच्या आधी दहा सेकंदांत कळतं.

दुसरी गोष्ट पत्र्याची. बाजारात मिळणारा पत्रा १२५० गुणिले २५०० चा. चार तुकडे एक सुलटा, एक उलटा असे ओळीत लावले की लांबी भरते २५५० मिमी, म्हणजे पन्नासच मिलिमीटर जास्त, आणि त्यापायी दुसरा पत्रा उघडावा लागतो. त्याने तीच ओळ पत्र्यावर सुमारे सात अंश तिरकी केली. आता ती साधारण २४३६ गुणिले १०८८ मध्ये मावते, तुकड्यांमध्ये कापायला फट ठेवूनही चारही बाजू एका पत्र्यात निघतात. २ मिमीचा असा एक पत्रा सुमारे ४९ किलोचा. दुसरा पत्रा उघडावा लागला नाही हे फॅब्रिकेटरला त्या दिवशीच्या भावाने तिथल्या तिथे मोजता आलं, आणि नऊशे रुपयांच्या बिलावर एक शब्दही निघाला नाही.

तिसरी गोष्ट जोडताना लागते. अशा हॉपरच्या दोन शेजारच्या बाजूंमधला कोन ९० चा नसतो. या मापाला तो १०१.५ अंश येतो. फिटर सवयीने गुण्या लावतो, मग टॅक मारून चौथी बाजू बसत नाही आणि तो पत्र्यालाच ठोकत बसतो. त्या मुलाने उरलेल्या पत्र्यात १०१.५ अंशांचा एक छोटा गेज त्याच फाइलमध्ये कापून दिला. फिटरने तो कडेला काटकोनात धरून टॅक मारले. आणखी एक गोष्ट त्याने पीडीएफवर लिहिली: बाजूंचा उतार ६३ अंशांचा असला तरी कोपऱ्यांत तो ५५ च्या आसपासच राहतो, आणि माल अडकला तर तो कोपऱ्यात अडकतो. चुनी किंवा ओलसर माल जाणार असेल तर उंची वाढवायची का, हे मिलवाल्याला आधी विचारा. फॅब्रिकेटरने विचारलं. उत्तर ‘आहे तसंच चालेल’ असं आलं, पण पुढच्या वेळी मिलवाल्यानेच ड्रॉइंग कोण करतं म्हणून नंबर मागितला.

तुम्ही एवढंच करा की प्रत्येक फॅब्रिकेटरच्या पहिल्या कामात मागितलेल्या मापापलीकडे एक गोष्ट शोधा: पत्रा वाचतो का, जोडताना अडतं का, वापरताना त्रास होईल का. तीन तासांच्या कामात अर्धा तास याला द्या.

तिसऱ्या ग्राहकाचं काम वेगळ्या हाताचं आहे. मशीनचा शाफ्ट, बुश, लिव्हर झिजलाय, मूळ कंपनीचा पार्ट मिळत नाही किंवा महिनाभर लागतो, आणि टर्नरला ड्रॉइंग हवं. फॅब्रिकेटरकडे असे लोक येतच असतात. इथे फसायची जागा एकच: झिजलेला भाग मोजून तेच माप ड्रॉइंगवर लिहिणं. व्हर्नियर २४.९ दाखवतो, आणि तुम्ही २४.९ लिहिलंत तर नवा शाफ्ट पहिल्या दिवसापासून झिजलेलाच निघेल. त्या जागेवर काय बसतं ते बघा. ६२०५ चं बेअरिंग असेल तर त्याचं आतलं भोक २५ मिमीचं असतं, म्हणजे शाफ्टची जागा २५ ची आणि फिरत्या शाफ्टला नेहमीच्या भाराखाली २५ के-सिक्ससारखी फिट, म्हणजे २५.००२ ते २५.०१५. एवढं बारीक माप तुमच्या व्हर्नियरला दिसत नाही, ते टर्नर मायक्रोमीटरने धरेल. तुमचं काम ते ड्रॉइंगवर बरोबर लिहिण्याचं. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. ज्या मापाबद्दल खात्री नाही त्याला ड्रॉइंगवर गोल करा आणि ‘जोडीच्या पार्टवरून तपासा’ असं स्पष्ट मराठीत लिहा. टर्नर मराठी वाचतो, आणि हे लिहिलेलं त्याला आवडतं.

साखर कारखान्यांच्या डागडुजीचा हंगाम या कामात मोठा असतो. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, म्हणून मे ते सप्टेंबर फॅब्रिकेटर आणि टर्नर यांच्याकडे ही कामं येतात. खरिपाच्या आधी शेती अवजारं बनवणाऱ्यांची घाई असते. तुमचे नव्वद दिवस दिवाळीवर येत असतील तर दसऱ्यानंतरचे तीन आठवडे नव्या ओळखीला धरू नका, जुनी येणी मागायला धरा. जालन्याला स्टीलच्या मिलमुळे मेंटेनन्सची कामं आहेत, पण एवढ्या लांब जायचं तर एका दिवशी दोन भेटी पक्क्या झाल्याशिवाय निघू नका.

आता वसुली, कारण तुम्ही ‘पैसे देणारे’ ग्राहक म्हटलंय. पैसे खात्यात आले की ग्राहक, तोवर फक्त ओळख. नव्या माणसाला आधी मापांची पीडीएफ पाठवा, त्याने व्हॉट्सॲपवर ‘मंजूर’ लिहिलं की पैसे घ्या, मग डीएक्सएफ द्या. तीनशे-नऊशेच्या कामाला हे कुणाला खटकत नाही, यूपीआयने तिथल्या तिथे येतात. दोन हजारांच्या वर अर्धे आगाऊ. ती ‘मंजूर’ची ओळ फक्त पैशासाठी नाही. उद्या पार्ट चुकला तर माप कुणी दिलं होतं ते तिथे दिसतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आर-झीरो, आर-वन असा बदलाचा क्रमांक टाका, आणि हे आधीच सांगून ठेवा की पहिला नग तपासल्याशिवाय बाकीचे कापायचे नाहीत आणि चूक तुमची असेल तर ड्रॉइंग फुकट दुरुस्त कराल, पत्र्याची भरपाई देणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या कामापासून ग्राहक उधारी मागेल. पंधरा दिवस द्या, तेही लेखी. तयारीच्या दिवसांतच उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून घ्या. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीचा नंबर बिलावर छापा. एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरावा लागतो. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की त्यांचा अकाउंटंट स्वतःच मार्चच्या आत तुमचं नाव वर काढतो. याचा धाक दाखवू नका, छापलेला नंबर पुरतो. जीएसटीची नोंदणी सेवेला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही.

मधल्या काळात कुठे बिनसतंय ते असं ओळखा. तीस दिवस झाले, तक्ते लागले, पण कुणीही एकसुद्धा स्केच हातात दिलं नाही, तर बहुतेक त्या शॉपमध्ये स्वतःची फाइल आणणारी मोठी गिऱ्हाइकं आहेत, त्यांना तुमची गरज नाही. सुट्टी कामं घेणारं लहान शॉप बघा. स्केचं येतात पण भावावर अडतं, तर दर कमी करण्याआधी बघा की तुम्ही कुणाशी बोलताय. ज्याचं मशीन थांबलंय तो ‘कधी देणार’ विचारतो, ज्याला नुसती माहिती हवी तो ‘किती कमी करणार’ विचारतो. आणि साठाव्या दिवशी सगळं काम एकाच शॉपचं असेल, तर ते छान वाटत असलं तरी दुसऱ्या-तिसऱ्याच्या भेटीसाठी आठवड्यातल्या दोन दुपारी राखून ठेवा, त्या कुठल्याही घाईच्या कामाला देऊ नका.

ऐंशीव्या दिवसाच्या आसपास ज्याने तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा काम दिलं त्या शॉपकडे महिन्याच्या ठरावाचा विषय काढा. महिन्याला वीस तास, पाच हजार सहाशे, म्हणजे तासाला वीस रुपये कमी. पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. न वापरलेले तास पुढे जाणार नाहीत. सकाळी अकराच्या आत आलेलं साधं स्केच त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत, हॉपर किंवा असेंब्ली असेल तर दुसऱ्या दिवशी. हे एका पानावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि तासांची नोंद प्रोग्रामरला दर शनिवारी पाठवा.